पीटूपीचं कर्ज घेताय? अर्धं भरलेलं उचलू नका, आणि बाकीच्याही या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं जीएसटी आणि रिटर्न भरून द्यायचं छोटं ऑफिस आहे. लोक येतात रिटर्नसाठी, पण कागद देऊन झाले की उठता उठता मोबाईल पुढे करतात. "साहेब, हे जरा बघता का? कर्ज मंजूर झालंय म्हणतंय." मी बघतो आणि बहुतेक वेळा त्याच त्या चुका दिसतात. सांगून सांगून जीभ झिजली, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतोय. पुढच्यानं मोबाईल काढला की त्याला हेच वाचायला देणार.

पीटूपी म्हणजे काय ते आधी एका दमात. यात कंपनी, म्हणजे ॲपवाला प्लॅटफॉर्म, स्वतः कर्ज देत नाही, लग्न जुळवणाऱ्यासारखी फक्त गाठ घालून देते. एका बाजूला कर्ज हवं असलेले तुम्ही, दुसऱ्या बाजूला चार पैसे जादा व्याज मिळेल म्हणून स्वतःची बचत लावणारी साधी माणसं. आरबीआयनं ऑक्टोबर २०१७ मध्ये याचे नियम केले. एक माणूस तुम्हाला सगळ्या प्लॅटफॉर्मवर मिळून ५०,००० रुपयांच्या वर देऊ शकत नाही. तुम्हीही सगळीकडून मिळून १० लाखांच्या वर उचलू शकत नाही. मुदत जास्तीत जास्त ३६ महिने. तारण घ्यायला परवानगीच नाही. आणि कंपनीनं मधे स्वतःचे पैसे घालायचे नाहीत, हमीही द्यायची नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे भिशीसारखं वाटतं. फरक एवढाच, की भिशीत कुणाचे पैसे आहेत हे आपल्याला माहीत असतं, आणि अडचण आली तर त्याच्या दारात जाऊन "एवढा महिना थांब" म्हणता येतं. इथे ते दार नाही. हा फरक पुढे किती महागात पडतो ते बघा.

अर्धं भरलेलं कर्ज उचलणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर सगळ्यात जास्त लिहिणार.

होतं असं. तुम्ही प्लॅटफॉर्मवर मागणी टाकता, समजा ३ लाखांची. एकाकडून ५०,००० च्या वर येऊच शकत नाहीत, म्हणजे कमीत कमी सहा माणसं लागणार. प्रत्यक्षात कुणी एकाच अनोळखी माणसावर ५०,००० लावत नाही. लोक हजार, दोन हजार, पाच हजार असे विखरून लावतात, कारण तुम्ही बुडवलं तर त्यांचं थोडक्यात निभावतं. त्यामुळे तुमची मागणी थेंबाथेंबानं भरते, आणि ठरलेले दिवस संपेपर्यंत पूर्ण भरेलच याची खात्री नसते. दिवस संपले की मोबाईलवर प्रश्न येतो: एवढी रक्कम जमली आहे, स्वीकारायची का? खाली दोन बटणं. आणि आपला माणूस डोळे झाकून 'हो' दाबतो.

शिवाजी उद्यमनगरातले एक दादा आहेत. लेथवर जॉबवर्क करतात, शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, हे मशिनिंग करून परत पाठवतात. काम चोख, हिशेब मात्र शर्टाच्या खिशात. त्यांना एक सेकंडहँड मिलिंग मशीन घ्यायचं होतं. इचलकरंजीतला एक म्हातारा कारखानदार शेड बंद करत होता, त्याच्याकडे ३ लाखांना मिळत होतं. बँकेनं तीन वर्षांचे रिटर्न मागितले, दादांकडे एकाचेच. पतसंस्थेनं दोन जामीनदार मागितले, आणि दादांना कुणाचं मिंधं व्हायचं नव्हतं. मग पुतण्यानं मोबाईलवर पीटूपीची मागणी टाकून दिली: ३ लाख, २४ महिने, २२ टक्के.

दोन आठवड्यांत १,८०,००० रुपये भरले. पुढे आकडा हलेना. पुतण्या म्हणाला, "काका, रद्द करूया का?" त्यावर दादांचं उत्तर मला त्यांच्याच तोंडून नंतर ऐकायला मिळालं: "आलेली लक्ष्मी परत पाठवतोस व्हय रं? आत्ता हाय ते घेऊ, उरलेलं बघू की कुठनं तरी."

फी कापून खात्यावर १,६९,३८० रुपये आले. त्यातून लगोलग १ लाख रुपये इसार म्हणून म्हाताऱ्याला दिले. बाकीचे दोन लाख महिन्याभरात द्यायचे ठरले. दादांचा हिशेब सोपा होता: शिरोलीचं बिल येईल आणि उरलेल्या १,२०,००० ची परत मागणी टाकू. शिरोलीचं बिल आलं ते तीन महिन्यांनी, नेहमीसारखं. आणि प्लॅटफॉर्मनं सांगितलं, की आधीच्या कर्जाचे काही हप्ते वेळेवर भरून दाखवल्याशिवाय दुसरी मागणी टाकता येणार नाही. महिना संपला. म्हाताऱ्याला गाळा रिकामा करायचा होता, त्यानं मशीन दुसऱ्याला दिलं. इसारातले ६०,००० परत दिले, तेही मधे दोघातिघांनी पडून. ४०,००० गेले. हातात उरलेले पैसे गणपतीच्या तोंडावर पोरांच्या पगारात आणि लाईटबिलात विरघळले.

दादा माझ्याकडे आले तेव्हा चौथा हप्ता परत गेला होता. खुर्चीत बसून म्हणाले, "साहेब, मशीन बी न्हाई आन् पैसं बी न्हाई. हप्ता तेवढा ऱ्हायलाय."

मी करार उघडायला लावला. देणाऱ्यांची यादी होती, ९६ ओळींची. नाव नाही, नंबर नाही, फक्त रक्कम आणि दर. नियमच तसा आहे, देणाऱ्याची ओळख कर्जदाराला सांगत नाहीत. दादांनी विचारलं, "यातल्या मोठ्याला फोन लावून दोन महिनं मागून घेऊ का?" इथेच मघाशी सांगितलेला फरक नडतो. पतसंस्थेचा चेअरमन तुम्हाला फडतऱ्यांच्या मिसळीवर नाही तर कुणाच्या बारशाला भेटतो, त्याला गळ घालता येते. बँकेचा मॅनेजर हप्ते पुढे ढकलू शकतो, कारण पैसे बँकेचे आहेत. इथे पैसे ९६ जणांचे. कंपनी त्या पैशांची मालक नाही, त्यामुळे तिला परस्पर सूट देता येत नाही, आणि हेल्पलाइनवरच्या पोरीच्या हातात तर काहीच नाही. ती तुमचं ऐकून घेते आणि पुन्हा तीच तारीख सांगते.

आता माझी सवय सांगतो. मागणी टाकायच्या आधी मी माणसाला भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला एक आकडा लिहायला लावतो: याच्या खाली रक्कम आली तर नको. मशीनसारखी अखंड वस्तू असेल तर तो आकडा म्हणजे फी कापून पूर्ण किंमत, एक रुपया कमी नाही. मशीनचा अर्धा भाग कुणी विकत नाही. माल भरायचा असेल, चामडं, चांदी, किराणा, तर आकडा खाली आणता येतो, कारण माल अर्धा भरता येतो. आणि 'हो' दाबण्याआधी, सही करण्याआधी, नको म्हणायला फारसा खर्च येत नाही. मागणी टाकताना काही नोंदणी फी घेतली असेल तर तेवढी जाते. प्रोसेसिंग फी कर्ज उचलल्यावर लागते. शे-पाचशेची नोंदणी फी "वाया जाईल" म्हणून १,८०,००० गळ्यात घालून घेणारे लोक मी पाहिलेत.

इसार तर पूर्ण रक्कम खात्यावर दिसल्याशिवाय द्यायचाच नाही. "मंजूर झालंय" या शब्दावर इसार देणाऱ्याला मी माझ्या ऑफिसात चहा पाजत नाही.

२२ टक्के बघणं, हातात आलेली रक्कम न बघणं

दादांचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण आकडे माझ्याकडे आहेत.

कर्ज कागदावर १,८०,००० चं. प्रोसेसिंग फी ५ टक्के, म्हणजे ९,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,६२०. एकूण १०,६२० आधीच कापले, म्हणून हातात १,६९,३८०. पण हप्ता बसला पूर्ण १,८०,००० वर: २२ टक्के, घटत्या शिल्लकेवर, २४ महिने, दरमहा ९,३३८ रुपये. चोवीस हप्त्यांची बेरीज २,२४,११२. हातात आलेले वजा केले तर या पैशांची किंमत ५४,७३२ रुपये.

आता टक्का किती पडला? हे तोंडी काढता येत नाही, पण मोबाईलमधल्या कुठल्याही शीटमध्ये एका ओळीत निघतं. हप्त्यांची संख्या, वजा चिन्हासह हप्ता, आणि हातात आलेली रक्कम एवढंच टाकायचं:

```
=RATE(24,-9338,169380)*12
```

उत्तर येतं साधारण २८.५ टक्के. म्हणजे २२ ऐकून सही केली आणि पडले साडेअठ्ठावीस. आपल्या भाषेत शेकडा दोन रुपये सदतीस पैसे महिना. दादांच्या गल्लीतला सावकार शेकडा अडीच घेतो आणि दादा त्याला येताजाता शिव्या घालतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. नियमाप्रमाणे प्लॅटफॉर्मनं दर एपीआरच्या रूपात, म्हणजे वार्षिक टक्क्यात दाखवायचा असतो. पण त्या आकड्यात फी धरली आहे का, हे वरच्या ओळीनं स्वतः तपासा. दोन मिनिटांचं काम आहे. "ॲपनं सांगितलं ते बरोबर असणारच" म्हणणाऱ्याला माझ्याकडे औषध नाही.

इथे एक गंमत आहे, ती नवख्यांच्या लक्षात येत नाही. हेच कर्ज १२ महिन्यांसाठी घेतलं असतं तर हप्ता १६,८४७ बसला असता आणि तीच शीट ३४ टक्के दाखवते. कारण फी मुद्दलावर ठरते, मुदतीवर नाही. तीच १०,६२० ची फी वर्षभरातच वसूल होते, म्हणून टक्का फुगतो. पण रुपयांत मोजलं तर बारा महिन्यांत खर्च ३२,७८४, म्हणजे जवळजवळ २२,००० कमी. टक्का दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना करायला वापरा, मुदत एकच ठेवून. मुदत किती घ्यायची हे ठरवताना रुपये बघा, आणि तो हप्ता झेपतो का ते बघा. दोन्ही प्रश्न एकाच आकड्यानं सोडवायला गेलात तर चुकणार.

दादांनी शेवटी काय केलं तेही सांगतो. सहा हप्ते कसेबसे भरले. मग वहिनींनी पाटल्या काढून दिल्या, सोनेतारण कर्ज काढलं आणि इकडचं खातं बंद केलं. त्या वेळी मुद्दल १,४२,०६९ रुपये शिल्लक होतं. सहा हप्त्यांचे ५६,०२८ आणि हे, मिळून १,९८,०९७ भरले. आले होते १,६९,३८०. सहा महिन्यांचे २८,७१७ रुपये, वर इसारातले ४०,००० वेगळेच. लवकर फेडलं म्हणून प्रोसेसिंग फीतला एक पैसा परत आला नाही.

वहिनींचा प्रश्न मला अजून आठवतो. "भाऊजी, सोनं आधीच घरात होतं की. मग हे कशाला केलं?" केलं ते सराफांच्या गुजरीत कुणी ओळखीचं बघेल म्हणून. सोनं तारण ठेवायला आपल्याकडे लाज वाटते, आणि मोबाईलवर कुणी बघत नाही, म्हणून माणूस महाग कर्ज घेतो. पीटूपीत तारण घ्यायला बंदीच आहे, त्यामुळे देणारा सगळा धोका व्याजात धरणार, हे उघड आहे. घरात सोनं, एलआयसीची जुनी पॉलिसी किंवा ठेवीची पावती असेल तर त्यावरचं कर्ज आधी विचारा. माझ्या मते ज्याच्याकडे यातलं काहीही आहे, त्यानं पीटूपीच्या वाटेला जाऊच नये. पटत नसेल त्यानं दोन्हीकडचे आकडे वरच्या शीटमध्ये टाकून बघावेत.

हप्ता महिन्याचा, पैसा हंगामाचा

कागल तालुक्यातल्या एका काकूंनी जूनमध्ये मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी पीटूपीतून पैसे घेतले. "उसाचं बिल आलं की एका दणक्यात फेडणार," हा त्यांचा बेत. बेत चुकीचा नव्हता, पण पहिला हप्ता जुलैत होता. गाळप सुरू होतं दिवाळीच्या आसपास, आणि त्यांच्या फडाला टोळी आली फेब्रुवारीत. ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यायचा कायदा आहे खरा, पण ते १४ दिवस ऊस कारखान्यात गेल्यावर सुरू होतात, फडात उभा असताना नाही. जुलै ते फेब्रुवारी आठ हप्ते, आणि घरात पैसा येतो फक्त दुधाचा, दर दहा दिवसांनी. दुधाचा पैसा हप्त्यात गेला, पेंडीची उधारी वाढली, आणि शेवटी एक म्हैस विकावी लागली. म्हैस गेली म्हणजे दुधाचा पैसाही गेला.

सेवा सोसायटीचं पीककर्ज ऊस गेल्यावर फेडायचं असतं, कारण देणाऱ्याला शेती कळते. पीटूपीतल्या देणाऱ्यानं पुण्यात किंवा बेंगळुरूत बसून दरमहा व्याज मिळेल या हिशेबानं पैसे लावलेत. त्याला फड, टोळी, तोड काही माहीत नाही, आणि माहीत असायचं कारणही नाही. शिक्षणासाठी पैसे हवे असतील तर शैक्षणिक कर्जाचा अर्ज मे महिन्यातच करा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात धावाधाव केली की महाग तेच मिळतं.

तरीही घ्यायचंच असेल तर माझी पद्धत अशी: हप्ता कापला जाणारं खातं वेगळं ठेवायचं, त्याचं एटीएम कार्ड घरातल्या सगळ्यात चिकट माणसाकडे द्यायचं, आणि कर्जाची रक्कम आली त्याच दिवशी तीन हप्ते तिथे टाकायचे. मान्य आहे, हे स्वतःच्याच उसन्या पैशावर व्याज भरणं झालं. पण तीन हप्ते बाजूला काढल्यावर उरलेल्या रकमेत काम होत नसेल, तर ते कर्ज तुम्हाला परवडणारं नव्हतंच, हे पहिल्याच दिवशी कळतं.

हप्ता परत गेला तर "एक दिवसानं काय होतंय?"

होतं. दादांचा चौथा हप्ता परत गेला तेव्हा खात्यात ९,१०० होते, २३८ रुपये कमी. बँकेनं ५०० आणि जीएसटी मिळून ५९० कापले. प्लॅटफॉर्मनंही ५९० लावले. उशिराचं व्याज वेगळं. २३८ रुपयांसाठी ११८० गेले, आणि चार दिवसांनी प्लॅटफॉर्मनं परत हप्ता कापायला टाकला तेव्हाही खातं रिकामंच, म्हणून परत तेवढेच. मॅन्डेट, म्हणजे खात्यातून परस्पर हप्ता कापायची परवानगी, दिलेलं असताना पैसे कमी पडून हप्ता परत जाणं, हे २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतं. "चेक थोडाच दिलाय" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शिल्लक बघायची, एवढंच करायचं असतं. मुदत वाढवून हवी असेल तर हप्ता परत जायच्या आधी ईमेलवर लेखी मागा. मिळेल असं नाही, पण कागद राहतो.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

ॲपचं नाव बघून विश्वास ठेवणं. नाव ॲपचं नाही, कंपनीचं बघायचं, आणि ते rbi.org.in वर एनबीएफसी-पीटूपीच्या यादीत शोधायचं. तिथे नसेल तर पुढचं वाचूही नका.

"आधी विम्याचे २,५०० भरा, मग पैसे सोडतो" अशा फोनवर पैसे पाठवणं. खऱ्या पीटूपीत पैसा येतो एस्क्रो खात्यातून, म्हणजे ट्रस्टीच्या देखरेखीखालच्या वेगळ्या बँक खात्यातून, आणि हप्ता जातो एस्क्रो खात्यात. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर जायचा प्रश्नच नाही, रोखीचा तर नाहीच नाही.

"पाच मिनिटांत खात्यावर" या जाहिरातीवर भाळणं. १६ ऑगस्ट २०२४ ला आरबीआयनं नियम आणखी घट्ट केले. देणाऱ्यानं तुम्हाला मान्यता दिल्याशिवाय आणि करारावर सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे सोडता येत नाहीत. घाई तुम्हाला असते, नियमाला नसते.

एकाच रात्री चार प्लॅटफॉर्मवर अर्ज टाकणं. चारही ठिकाणी तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढला जातो, आणि पाचवा बघणारा म्हणतो, याला एवढी गरज का पडली?

उत्पन्न फुगवून सांगणं. बँक स्टेटमेंट तुम्हीच अपलोड केलेलं असतं, भावा.

एक पीटूपी फेडायला दुसरं घेणं. दर वेळी फी नव्यानं कापली जाते. वरचं ३४ टक्क्यांचं उदाहरण परत बघा.

वसुलीचे फोन आले की नंबर ब्लॉक करणं. फोन उचला, बोलणं ईमेलवर आणा. धमकी, अवेळी फोन, नातेवाइकांना त्रास याला नियमात परवानगी नाही. तारीख-वेळ लिहून प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा, त्याचं नाव वेबसाइटवर लावणं बंधनकारक आहे. महिन्याभरात दाद मिळाली नाही तर आरबीआयच्या ग्राहक शिक्षण आणि संरक्षण विभागाकडे जाता येतं. पण तक्रार करणं वेगळं आणि हप्ता माफ होणं वेगळं. ही गल्लत करून आलेले लोकही माझ्याकडे येतात.

"खासगी मामला आहे, सिबिलला काय कळतंय"

कळतं. पीटूपी कंपन्यांना सगळ्या क्रेडिट माहिती कंपन्यांचं सभासद व्हावं लागतं आणि तुमच्या कर्जाची माहिती तिथे पाठवावी लागते. हात उसने घेतल्यासारखं वाटतं म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि त्याचा फटका बसतो भलत्याच वेळी.

माझ्या ओळखीतल्या एका तरुण शिक्षकानं पीटूपीचं ६०,००० चं कर्ज पूर्ण फेडलं. शेवटचा हप्ता दिला, ॲप काढून टाकलं, विसरला. दीड वर्षानं कळंब्यात फ्लॅट बघितला, टोकन दिलं, घरकर्जाचा अर्ज केला, तर बँक म्हणाली तुमचं एक खातं थकीत दिसतंय. शोधलं तेव्हा निघाले २३६ रुपये. मधला एक हप्ता दोन दिवस उशिरा गेला होता, त्याचे २०० आणि त्यावरचा जीएसटी. हप्ते सगळे गेले होते, पण हे २३६ कधी कापलेच गेले नव्हते, आणि कळवायला पाठवलेले मेसेज काढून टाकलेल्या ॲपमध्येच गेले. पैसे भरले, एनओसी, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, मागवली, रिपोर्ट दुरुस्त व्हायची वाट बघितली. तोवर बिल्डरनं दिलेली मुदत टळली, आणि टोकन वाचवायला त्याला दोन चकरा आणि सासऱ्यांची ओळख लागली.

म्हणून शेवटचा हप्ता गेल्यावर ॲप काढायचं नाही. आधी खात्याचा उतारा मागवायचा, शिल्लक शून्य आहे हे डोळ्यांनी बघायचं, एनओसी घ्यायची, बँकेत जाऊन मॅन्डेट रद्द करायचं, आणि दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून खातं बंद दिसतंय का ते बघायचं. वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

त्या शिक्षकानं २३६ रुपयांची पावती लॅमिनेट करून घेतलीय. घरकर्जाच्या फाईलमध्ये ती पहिल्या पानावर आहे, सातबाराच्याही वर.